पिशवीत शिरलेलं पार्सल

स्पीड पोस्टच्या पावतीवरचा लांबलचक क्रमांक कधी निरखून पाहिलाय? समजा, तो EM123456785IN आहे. त्यातला शेवटचा ५ हा चक्क पहारेकरी आहे! आधीच्या आठ अंकांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ ने गुणा. बेरीज येते २०४. तिला ११ ने भागलं की बाकी ६, आणि ११ मधून ६ वजा केले की ५. ट्रॅकिंगसाठी टाइप करताना एखादा अंक चुकला, तर हा हिशोब बहुधा जुळत नाही. म्हणून ‘माहिती उपलब्ध नाही’ असं दिसलं, की घाबरण्याआधी क्रमांक पावतीशी ताडून पाहावा.

क्रमांक बरोबर आहे, तरी पुण्याहून नागपूरला निघालेली साडी पोहोचलीच नाही. मग ती शोधायची कुठे? गंमत अशी, की बऱ्याच वाटेवर साडीला कुणी पाहतच नाही! ती एका पिशवीत शिरते, पिशवीला स्वतःचा बारकोड आणि सील लागतं, आणि पुढे नोंद होते ती पिशवीची. आत काय काय आहे याची यादी पिशवी बंद करताना तयार होते. ती उघडणारा प्रत्येक वस्तू स्कॅन करून त्या यादीशी ताळा पाहतो.

आता ट्रॅकिंग वाचा. नागपूरला पिशवी मिळाल्याची नोंद आहे, साडीची नाही? म्हणजे घोळ पुण्यात पिशवी भरताना, वाटेत, नाहीतर नागपुरात ती उघडताना झाला. तक्रारीत ‘पार्सल हरवलं’ एवढंच न लिहिता ही शेवटची नोंद ठिकाण आणि वेळेसकट लिहा. शोध नेमका तिथूनच सुरू होतो.

आणि पार्सल आलं, पण चिकटपट्टी उचकटलेली असेल तर? पावतीवर बुकिंगचं वजन छापलेलं असतं! ८५० ग्रॅमचं पाकीट ६०० भरलं, तर कमी झालेले २५० ग्रॅमच साक्ष देतात. ताब्यात घेण्याआधी त्याचं पोस्टातच वजन करून, ते अधिकाऱ्यासमोर उघडायला सांगा. आत काय निघालं त्याची लेखी नोंद मागा. वेष्टन मुळीच फेकू नका.

भरपाईचा नियम मात्र थक्क करतो. स्पीड पोस्टचं शुल्क ९० रुपये आणि साडी ८,००० ची असेल, तर विम्याविना मिळतात १८०! शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. याचं मूळ १८९८ च्या कायद्यात आहे: सरकारने स्पष्ट शब्दांत स्वीकारलेली जबाबदारी सोडली, तर टपाल हरवल्याबद्दल सरकार बांधील नव्हतं. २०२३ च्या नव्या कायद्यानेही हेच तत्त्व राखलं. म्हणून महागाची वस्तू असेल तर बुकिंगच्या वेळीच विमा काढावा. नंतर तो काढता येत नाही.

दावा सहसा पाठवणाऱ्याने करायचा. सोबत मूळ पावती, तक्रार क्रमांक, दुकानाचं बिल, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील ठेवा. वस्तू फुटली वा फाटली असेल तर फोटो आणि पोस्टातली ती लेखी नोंदही जोडा.