विशेष शिक्षिकेचा बायोडेटा: तीन चमच्यांची गोष्ट

विशेष शाळांकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांत एक ओळ हमखास असते: ‘सर्व प्रकारच्या दिव्यांग मुलांना शिकवण्याचा अनुभव.’ लिहिणाऱ्याला ती भारदस्त वाटते. पण वाचणाऱ्याला या ओळीवरून काहीच कळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २०१६ मध्ये अक्षमतांचे २१ प्रकार मान्य केले. ते सगळे एका शिक्षिकेने शिकवलेले असणे जवळपास अशक्य आहे. शिवाय तिचे शिक्षणही तसे झालेले नसते. विशेष शिक्षणाचा डी.एड. किंवा बी.एड. करताना विषय निवडावा लागतो. कुणी बौद्धिक अक्षमता घेते, कुणी श्रवणदोष, कुणी दृष्टिदोष, कुणी अध्ययन अक्षमता. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणीही त्या पात्रतेवरच होते आणि १९९२ च्या कायद्यानुसार या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. म्हणून नाव आणि पत्ता झाला की लगेच पदविकेचा किंवा पदवीचा विषय, नोंदणी क्रमांक आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख यावी. नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मुदत उलटून गेली असेल, तर पुढचे कितीही चांगले असले तरी निवड समितीला हात आखडता घ्यावा लागतो.

अक्षमतेचे प्रकार लिहिताना मुख्य प्रकार आणि सोबतच्या अडचणी वेगळ्या दाखवाव्यात. वर्गातली मुले पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांसारखी वेगवेगळी येत नाहीत. बौद्धिक अक्षमतेसोबत कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, कुणाला फिट येतात, कुणाला कमी दिसते. ‘बौद्धिक अक्षमता, मध्यम स्वरूप, वय ८ ते ११, वर्गात ८ मुले, त्यांपैकी दोघांना सेरेब्रल पाल्सी, एकाला अपस्मार, विशेष शाळा, तीन वर्षे’ एवढ्या एका ओळीत वाचणाऱ्याला वर्ग डोळ्यांसमोर दिसतो. ज्या अक्षमतेचा फक्त प्रशिक्षणातल्या सरावापुरता अनुभव आहे, तिथे ‘सराव पाठ’ असे स्पष्ट लिहावे. नव्या उमेदवारांना याची उगाच भीती वाटते. सरावातले एकच मूल नीट मांडले, तरी त्यावर बोलण्यासारखे भरपूर निघते.

खरा कस लागतो तो वैयक्तिक शिक्षण आराखड्यात. ‘आयईपी तयार केले आणि राबवले’ असे सगळेच लिहितात. ते कसे लिहावे, यासाठी एक नमुना घेऊ. नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, मध्यम बौद्धिक अक्षमता असलेला. जूनमध्ये तो १ ते १० आकडे गाण्यासारखे धडाधड म्हणतो, पण ‘तीन चमचे दे’ म्हटले की मूठभर चमचे हातात ठेवतो. एका आकड्याला एक वस्तू ही जोडी त्याच्या मनात अजून जुळलेली नाही आणि तीनला थांबायचे हेही त्याला उमगलेले नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही तपासणी सूची किंवा एमडीपीएस वापरून शिक्षिका ही सुरुवातीची पातळी नोंदवते आणि उद्दिष्ट लिहिते: ‘मधल्या सुटीत, सांगितलेल्या संख्येइतके, १ ते ५ चमचे मोजून देईल, पाचपैकी चार वेळा, खुणेशिवाय.’ प्रसंग कोणता, किती वेळा जमायला हवे आणि मदत किती, हे तिन्ही त्यात आले.

पुढे ती ट्रेमध्ये कागदावर तीन वर्तुळे काढून ठेवते. प्रत्येक वर्तुळावर एक चमचा, वर्तुळे संपली की थांबायचे. जमू लागल्यावर एकेक वर्तुळ फिकट करत शेवटी कागदच काढून घेते. सप्टेंबरमध्ये तीनपर्यंत त्याला स्वतःचे स्वतः जमते, पण चार आणि पाचला बोटाची खूण लागतेच. हे अर्धवट यशही बायोडेटात लिहावे. ‘शंभर टक्के उद्दिष्टे साध्य’ असे वाचले की मला शंका येते, कारण मग एक तर उद्दिष्टे फार सोपी ठेवलेली असतात किंवा नोंदी वर्षअखेरीला एका बैठकीत भरलेल्या असतात. ‘कोणते उद्दिष्ट चुकले आणि तुम्ही काय बदलले?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारला की दोन मिनिटांत खरे काय ते कळते. ज्याने काम केलेले असते, त्याला उत्तर शोधावे लागत नाही.

थेरपीचा समन्वय याच मुलावरून पाहू. मूठभर चमचे येण्यामागे आकड्याखेरीज आणखी एक कारण निघते. अंगठा आणि तर्जनीची पकड सैल असल्याने पातळ चमचे दोन-तीन एकदम उचलले जातात. हे व्यवसायोपचार तज्ज्ञ दाखवून देतात आणि कपड्यांचे चिमटे लावण्या-काढण्याचा सराव सुचवतात. शिक्षिका तो रोज वर्गात दहा मिनिटे घेते आणि महिन्याने काय दिसले ते त्यांना कळवते. बायोडेटात एवढेच लिहायचे: ‘व्यवसायोपचार तज्ज्ञांसोबत मासिक आढावा, त्यांनी सुचवलेला पकडीचा सराव वर्गाच्या दिनक्रमात घेतला.’ ‘थेरपी दिली’ असे मात्र लिहू नये. तो अधिकार वेगळ्या पात्रतेचा आहे आणि जाणकार वाचक या एका शब्दावर अडतो.

पालक प्रशिक्षणाच्या रकान्यात बहुधा पालकसभांची संख्या असते. सभेत भाषण ऐकून घरी काही बदलत नाही. आपल्या नमुन्यातला मुलगा शाळेत तीन चमचे देतो, पण घरी पुन्हा मूठभर. शिकलेले एका जागेहून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ही बौद्धिक अक्षमतेत नेहमीची अडचण आहे. शिक्षिका आईला शाळेत बोलावते, आधी स्वतः करून दाखवते, मग आईला करायला सांगते आणि गप्प बसून पाहते. तेव्हा लक्षात येते की तीन झाले की आई नकळत मान हलवते आणि मुलगा आकडा मोजत नसून मानेकडे पाहत असतो. खूण सापडली की ती बंद करता येते. पुढे घरी रात्रीच्या जेवणाला माणशी एक चमचा, आणि जमले त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकमार्क. आई दिवसा मजुरीला जात असेल, तर हे आजीला शिकवायचे. बायोडेटात हे असे येते: ‘सहा कुटुंबांसाठी घरचा कार्यक्रम आखला, प्रात्यक्षिक, पालकांचा सराव, निरीक्षण या क्रमाने, चार कुटुंबांनी तीन महिने नोंदी ठेवल्या.’ उरलेल्या दोघांचे का जमले नाही, हे मुलाखतीत सांगण्याची तयारी ठेवावी.

आणखी एक गोष्ट फार जपायला हवी. उत्साहाच्या भरात काही जण मुलांचे फोटो, नावे, कधी बुद्ध्यांकाचा अहवालही अर्जाला जोडतात. ती माहिती मुलाची आहे. आपल्या नोकरीसाठी ती वापरण्याचा आपल्याला हक्क नाही. वय, अक्षमता आणि उद्दिष्ट पुरते. गाव लहान असेल आणि तेवढ्यावरूनही मूल ओळखू येत असेल, तर वयही ‘८ ते १०’ असे मोघम ठेवावे. आराखड्याचा नमुना मागितलाच, तर नाव, शाळा, तारखा काढून आणि संस्थेची परवानगी घेऊन द्यावा.

हे सगळे दोन पानांत बसते. पहिल्या पानावर नोंदणी, शिक्षण आणि वर्गांचा तपशील, दुसऱ्यावर आराखड्याची दोन-तीन उदाहरणे आणि त्यांच्याच ओघात थेरपी आणि पालकांचे काम. ब्रेल, सांकेतिक भाषा किंवा चित्रकार्डांवर आधारित संवादपद्धती येत असेल, तर पातळीसह एका ओळीत लिहावे. अनुदानित विशेष शाळेला अर्ज मराठीत चालतो. खासगी समावेशक शाळेला इंग्रजी लागेल, पण तिथेही उदाहरण तेच ठेवावे, आणि वर्गशिक्षकासोबत बसून परीक्षेत कोणत्या सवलती मिळवून दिल्या, याची एक ओळ वाढवावी.