वेळेवरच्या एका ऑर्डरीची किंमत: 133 रुपये

समजा, पुण्यातला एक दुकानदार रोज 100 ऑर्डरींचा किराणा घरपोच देतो. टेम्पोने पाठवल्यास ऑर्डरीमागे 30 रुपये पडतात, पण शंभरातल्या सरासरी 80 च वेळेत पोचतात. दुचाकीवरून 50 रुपये पडतात आणि 95 वेळेत पोचतात. मालकाला दिवसाचा खर्च 3600 रुपयांच्या आत हवा आणि 92 ऑर्डरी वेळेत हव्यात.

दोन्ही एकदम जमत नाही. खर्च सांभाळायचा तर दुचाकीवर 30 पेक्षा जास्त ऑर्डरी देता येत नाहीत, वेळ सांभाळायची तर किमान 80 द्याव्या लागतात. साधं रेषीय प्रोग्रॅमिंग इथे 'उत्तर नाही' म्हणून हात वर करतं. चार्न्स आणि कूपर या अमेरिकी संशोधकांनी 1955 च्या सुमारास मांडलेलं गोल प्रोग्रॅमिंग वेगळं विचारतं: लक्ष्य चुकणारच असेल, तर किती चुकू द्यायचं?

दुचाकीवरच्या ऑर्डरी x धरू:

```
3000 + 20x + n1 - p1 = 3600
80 + 0.15x + n2 - p2 = 92
```

यातली n आणि p ही विचलनं. n म्हणजे लक्ष्याला पडलेली तूट, p म्हणजे लक्ष्याच्या वर गेलेलं. खर्च कमी झाला तर तक्रार कुणाचीच नसते, म्हणून कमी करायची ती फक्त p1 आणि n2.

खर्चाला पहिलं प्राधान्य दिलं, तर आधी p1 शून्य होतं आणि मगच n2 कडे पाहिलं जातं. x 30 येतो, 84.5 ऑर्डरी वेळेत पोचतात. क्रम उलटा केला तर x 80 होतो आणि खर्च 4600 वर जातो. ही पद्धत कठोर आहे: पहिल्या लक्ष्याचा एक रुपयाही दुसऱ्यासाठी सोडत नाही.

म्हणून काही जण प्राधान्याऐवजी वजनं देतात. पण रुपये आणि ऑर्डरी सरळ बेरजेत घातल्या तर रुपयेच जिंकतात, कारण त्यांचे आकडे मोठे. शिवाय इथे वेळेवरची प्रत्येक जादा ऑर्डर 20 भागिले 0.15, म्हणजे सुमारे 133 रुपयांना पडते. उशिराचं नुकसान त्याहून जास्त धरलं तर उत्तर 80, कमी धरलं तर 30. मधला आकडा वजनांतून निघत नाही, आणि नवख्यांची फसगत नेमकी इथेच होते.

मधलं उत्तर हवं असेल तर दोन्ही विचलनं आपापल्या लक्ष्याच्या टक्क्यांत मोजून त्यांतलं मोठं शक्य तितकं लहान करायला सांगावं. मग x 41 येतो: खर्च 3820 रुपये, वेळेत सरासरी 86 ऑर्डरी, दोन्हीकडे सुमारे 6 टक्के चूक. मालकाने प्राधान्यक्रम सांगण्याआधी 30, 41 आणि 80 हे तिन्ही आकडे समोर मागून घ्यावेत.