मूत्रपिंडाचा धडा आणि गुडघेदुखीचा रुग्ण

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्रात मूत्रपिंडाचा धडा येतो तेव्हा बहुतेक मुलं त्यातल्या ओळींखाली रेघा मारत सुटतात. ‘मूत्रपिंडं मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव गाळतात’ हे वाक्य तर सगळ्यांनाच पाठ असतं. पण हा वेग कधी आणि का घसरतो, हे विचारलं की गडबड होते. त्यावर चांगला उपाय म्हणजे धड्यातलं एक वाक्य घेऊन त्याला रुग्ण मिळवून द्यायचा आणि स्वतःलाच प्रश्न विचारायचा.

वाक्य मात्र निवडून घ्यावं लागतं. आकडा किंवा व्याख्या सांगणारं वाक्य इथे उपयोगाचं नाही. ज्यात कारण आणि परिणाम आहे, असं हवं. उदाहरणार्थ: शरीरातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लॅंडिन हे रसायन गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी, म्हणजे अफरंट, रुंद ठेवतं, आणि अँजिओटेन्सिन रक्त बाहेर नेणारी इफरंट आवळतं. त्यामुळे आतला दाब टिकतो आणि गाळण चालू राहते.

आता विचारायचं, हे कशाने बिघडेल? डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं प्रोस्टाग्लॅंडिन बनू देत नाहीत. रामिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधं अँजिओटेन्सिन बनू देत नाहीत. म्हणजे रुग्ण जवळजवळ तयारच झाला.

‘६८ वर्षांचे गृहस्थ, कित्येक वर्षं रामिप्रिल घेतात. गुडघे दुखतात म्हणून आठवडाभर दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक चालू आहे. दोन दिवस जुलाब. जीभ कोरडी, नाडी १०४, रक्तदाब १०४/६६, लघवी कमी. महिन्यापूर्वी क्रिएटिनिन १.० होतं, आज १.९. नेहमीच्या तुलनेत त्यांच्या अफरंट आणि इफरंटची स्थिती आत्ता काय असेल?’

पर्याय चार: (अ) अफरंट रुंद, इफरंट आवळलेली, (आ) दोन्ही रुंद, (इ) अफरंट आवळलेली, इफरंट रुंद, (ई) दोन्ही आवळलेल्या. उत्तर ‘इ’. रक्त आत येण्याची वाट अरुंद झाली, बाहेर जाण्याची मोकळी झाली, आतला दाब पडला.

खरी मेहनत चुकीच्या पर्यायांत आहे. प्रत्येक पर्याय एका ठरावीक गैरसमजाचा असावा. ‘अ’ हे धडा पाठ केलेल्याचं उत्तर: निरोगी शरीर काय करतं ते त्याला माहीत आहे, पण औषधांकडे त्याने पाहिलंच नाही. ‘आ’ निवडणाऱ्याने रामिप्रिल धरलं, वेदनाशामक सोडलं. ‘ई’ निवडणाऱ्याच्या मनात मोठ्या रक्तस्रावाचं चित्र आहे. तिथे मज्जासंस्थेच्या आदेशाने दोन्ही धमन्या आवळतात. म्हणूनच प्रश्नात रक्तदाब ७०/४० लिहून चालणार नाही. तसं लिहिलं तर ‘ई’सुद्धा बरोबर ठरू लागेल आणि प्रश्न वादाचा होईल.

प्रश्न जमला की नाही, हे पाहायला पर्याय हाताने झाका. फक्त रुग्ण आणि शेवटचं वाक्य वाचून उत्तर देता आलं पाहिजे. उलटी चाचणीही तितकीच महत्त्वाची: रुग्णाची हकीकत झाकून शेवटच्या ओळीवरूनच उत्तर कळत असेल, तर तो रुग्ण नुसती सजावट आहे.

आकड्यांत घोटाळे हमखास होतात. क्रिएटिनिन अजून चढत असताना त्यावरून गाळणीचा वेग काढायला सांगू नये. गाळण घटल्यावर क्रिएटिनिन रक्तात साठायला वेळ लागतो, त्यामुळे सूत्र खोटा दिलासा देतं. आणि रुग्ण लघवीची गोळी घेत असेल, तर लघवीतलं सोडियम पुरावा म्हणून देऊ नये. पाणी कमी पडलेलं मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं खरं, पण ती गोळी ते बाहेर काढत असते. असा आकडा दिलात तर हुशार विद्यार्थीच चुकेल.

एवढं झाल्यावर त्याच रुग्णातली एकच गोष्ट बदला. डायक्लोफेनॅक काढून टाका, रामिप्रिल आणि जुलाब तसेच ठेवा: उत्तर ‘आ’कडे सरकतं. दोन्ही औषधं काढा: उत्तर ‘अ’, आणि क्रिएटिनिनही १.९ ठेवून चालत नाही, ते १.१ च्या आसपास लिहावं लागतं, कारण आता मूत्रपिंड स्वतःला सावरतंय. एका वाक्यातून असे तीन प्रश्न निघतात. ते लगेच सोडवू नयेत. काही दिवस बाजूला ठेवून, क्रम बदलून सोडवावेत. वहीत नुसतं ‘चूक’ लिहू नये, चुकून कोणता पर्याय निवडला ते लिहावं. तीन-चार वेळा ‘अ’च दिसला, तर धडा पुन्हा वाचण्यात अर्थ नाही, प्रश्नातली औषधांची ओळ आधी वाचायची सवय लावावी लागेल.