नोटीस फळ्यावर उतरताना

सकाळी सहाची वेळ. दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली असते. एकीकडे फॅट लागते आहे, दुसरीकडे लिटर मोजले जात आहेत. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने तीन ओळी लिहिलेल्या असतात: ‘18 तारखेला लसीकरण. सर्वांनी जनावरे बांधून ठेवावीत. आधी जंताचे औषध पाजावे.’ किटली रिकामी होईपर्यंत शेतकरी त्या वाचतो आणि घरी जातो.

या तीन ओळींमागे पशुवैद्यकीय दवाखान्याची दोन पानी नोटीस असते. कोणती लस, किती वयाच्या जनावराला, किती मात्रेत, कातडीखाली की मांसात, जंतनाशक किती दिवस आधी, हे सगळे तिच्यात असते. दोन पाने फळ्यावर मावत नाहीत, म्हणून सचिव ती आटोपशीर करतो. नोटीस आखूड करण्यात काही चूक नाही. पण आखूड करताना तारीख, वय आणि मात्रा या तीन गोष्टी गळल्या, तर उरलेल्या मजकुराचा गोठ्यात काही उपयोग होत नाही.

हे नीट कळण्यासाठी एक नमुन्याचा गोठा घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असा गोठा सहज सापडेल. दोन दुभत्या संकरित गाई, एक म्हैस, 12 जानेवारी 2026 रोजी जन्मलेली एक कालवड आणि 20 एप्रिल 2026 रोजी जन्मलेले म्हशीचे पारडू. गावात घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांच्या लसीकरणाचे शिबिर सोमवारी, 18 मे 2026 रोजी ठरले आहे असे धरू.

तारीख मेमधलीच का? घटसर्प पावसाच्या तोंडावर डोके वर काढतो. ताप चढतो, गळ्याखाली सूज येते, श्वासाची घरघर सुरू होते, आणि उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जनावर दगावते. म्हशींना तो अधिक लागतो. फऱ्या तरण्याताठ्या, अंगाने भरलेल्या जनावरांना गाठतो. फऱ्यावर किंवा मांडीवर सूज येते आणि ती दाबली की आत हवा भरल्यासारखी चरचरते. लस टोचल्यावर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. 18 मेला टोचलेली लस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे पाऊस येता येता कामाला लागते. पाऊस सुरू झाल्यावर टोचली, तर मधले दिवस जनावर उघडे पडते. त्यामुळे फळ्यावर नुसते ‘मे महिन्यात’ असे लिहून भागत नाही. वार आणि तारीख दोन्ही हवेत, म्हणजे आकडा पुसट झाला तरी वारावरून चूक लक्षात येते.

आता ‘सर्वांनी जनावरे बांधून ठेवावीत’ ही ओळ या गोठ्याला लावून पाहू. घटसर्प आणि फऱ्याची लस सहा महिने पूर्ण झालेल्या जनावरांना देतात. कालवड 18 मेला चार महिने सहा दिवसांची असेल, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत ती बसत नाही. डॉक्टर तिला सोडून पुढच्या गोठ्याकडे वळतात आणि घरच्यांची मात्र समजूत होते की सगळ्यांचे लसीकरण झाले. नेमकी अशीच जनावरे वर्षभर लशीवाचून राहतात.

तिच्यासाठी वेगळी ओळ लागते, आणि ती जन्मतारखेवरून काढता येते. लाळ्या खुरकूत रोगाची पहिली लस चार महिन्यांनंतर देतात, दुसरी महिन्याभराने आणि मग दर सहा महिन्यांनी. कालवडीचे चार महिने 12 मे रोजी पूर्ण होतात. म्हणून पहिली लस शुक्रवार, 15 मे आणि दुसरी सोमवार, 15 जून. सहा महिने 12 जुलैला भरतात, तेव्हा घटसर्प आणि फऱ्या बुधवार, 15 जुलै. उरतो सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस. त्याची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच टोचतात. कालवडीसाठी ही खिडकी 12 मेला उघडते आणि 12 सप्टेंबरला बंद होते. शुक्रवार, 14 ऑगस्ट ही तारीख तिच्यात बसते. दवाखान्याच्या सोयीने या तारखा चार दिवस मागेपुढे होतील, पण 12 सप्टेंबरची शेवटची तारीख हलत नाही.

ब्रुसेलाच्या या लशीत जिवंत जंतू असतात. गाभण गाईला ती चुकून टोचली तर गर्भपात होऊ शकतो. टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली तर माणसालाही आजार जडू शकतो, म्हणून डॉक्टर हातमोजे आणि चष्मा घालूनच ती देतात. ‘फक्त मादी वासरे, 4 ते 8 महिने’ हे शब्द फळ्यावरून गाळता येत नाहीत ते याचसाठी. केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन्ही लशी मोफत दिल्या जातात. टोचल्याची नोंद कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर होते. बिल्ला नसेल तर नोंद नाही, आणि नोंद नसेल तर पुढची तारीख कोणालाच सांगता येत नाही.

मात्रेचे पाहू. शेतकरी तिला ‘सीसी’ म्हणतात, नोटिशीत ‘मिली’ लिहिलेले असते, दोन्ही एकच. लाळ्या खुरकुताची तेलयुक्त लस 2 मिली, मांसात खोल. ब्रुसेलाची 2 मिली, कातडीखाली. घटसर्पाची तुरटीयुक्त लस 5 मिली आणि फऱ्याची 5 मिली, दोन्ही कातडीखाली, वेगवेगळ्या जागी. पण याच दोन रोगांवरच्या काही एकत्रित लशींची मात्रा 3 मिली असते. म्हणून फळ्यावर नुसते ‘5 मिली’ लिहिणे अपुरे आहे. लशीचा प्रकारही लिहावा आणि त्या दिवशी हातात आलेल्या बाटलीवरची मात्रा अखेरची मानावी. लस टोचतात डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षकच. तरीही शेतकऱ्याला आकडा माहीत असला की तो बाटली पाहून विचारू शकतो. बाटली बर्फाच्या पेटीतून निघाली का, हेही त्याने पाहावे. या लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात. ऊन लागले तर त्या वाया जातात, आणि तेलयुक्त किंवा तुरटीयुक्त लस गोठली तरीही वायाच जाते.

जंतनाशक मात्र घरचा माणूस पाजतो. त्यामुळे खरी गडबड तिथेच होते.

जंतांनी पोखरलेल्या जनावराच्या अंगात लस हवी तशी रुजत नाही. म्हणून लसीकरणाच्या साधारण दोन आठवडे आधी औषध पाजतात. 18 मेच्या शिबिरासाठी ही तारीख सोमवार, 4 मे येते. पण किती पाजायचे? ‘एक बाटली’ हे उत्तर चालत नाही, कारण औषध वजनावर ठरते. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजावा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीलगतच्या बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. समजा एका गाईचा घेर 68 इंच आणि लांबी 57 इंच आहे. 68 गुणिले 68 म्हणजे 4,624, त्याला 57 ने गुणले की 2,63,568, आणि 660 ने भागले की जवळजवळ 400 किलो.

अल्बेंडाझोल गोलकृमींसाठी किलोला 7.5 मिलिग्रॅम देतात. 400 किलोच्या गाईला 3,000 मिलिग्रॅम, म्हणजे 3 ग्रॅम लागले. 2.5 टक्क्यांच्या बाटलीत प्रत्येक मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असते, तेव्हा 120 मिली पाजावे लागेल. 10 टक्क्यांच्या बाटलीत मिलीला 100 मिलिग्रॅम असते, तेव्हा 30 मिली पुरेल. फळ्यावर ‘अल्बेंडाझोल 30 मिली’ एवढेच लिहिले आणि शेतकऱ्याने 2.5 टक्क्यांची बाटली आणली, तर गाईला चौथाईच औषध मिळते. मग सगळे जंत मरत नाहीत. जे तगतात ते त्या औषधाला सरावलेले निघतात आणि पुढच्या वर्षी पूर्ण मात्राही त्यांच्यावर चालत नाही. उलट 10 टक्क्यांचे 120 मिली गेले तर चौपट मात्रा होते.

गर्भधारणेच्या सुरुवातीच्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात. गाय नुकतीच भरवली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशा वेळी ते बहुधा फेनबेंडाझोल सुचवतात. औषध पाजल्यावर किती वेळा दूध डेअरीला घालायचे नाही, हे वेष्टनावर छापलेले असते, आणि फळ्यावर त्यासाठीही एक ओळ ठेवावी. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गाई-म्हशींना देत नाहीत, कारण ते दुधात उतरते.

पारड्याचा हिशेब वेगळा आहे. एका मोठ्या गोलकृमीच्या अळ्या म्हशीच्या अंगात निपचित पडून असतात आणि व्याल्यावर दुधातून पारड्यात जातात. पोट सुटते, केस राठ होतात, शेण मातकट आणि घाण वासाचे येते. अशी पारडी पहिल्या दोन महिन्यांत दगावतात. म्हणून पहिले औषध 10 ते 14 दिवसांच्या वयात देतात. 20 एप्रिलला जन्मलेल्या पारड्यासाठी ही मुदत 30 एप्रिल ते 4 मे अशी येते. पायपराझिन किलोला 200 ते 250 मिलिग्रॅम, म्हणजे 30 किलोच्या पारड्याला 6 ते 7.5 ग्रॅम. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर वर्षाचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी.

आता सचिवाच्या हाती खडू द्यावा. दोन पानी नोटीस या सहा ओळींत बसते:

जंतनाशक: सोम. 4 मे 2026. मोठी जनावरे. अल्बेंडाझोल 7.5 मिग्रॅ प्रति किलो. 400 किलोला 2.5 टक्के असेल तर 120 मिली, 10 टक्के असेल तर 30 मिली. नुकत्याच भरवलेल्या गाईंना नाही.
पारडी, वासरे: वय 10 ते 14 दिवस. पायपराझिन 200 ते 250 मिग्रॅ प्रति किलो. नंतर दरमहा.
दूध: औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीत डेअरीला घालू नये.
घटसर्प व फऱ्या: सोम. 18 मे 2026. 6 महिन्यांवरील. तुरटीयुक्त लस प्रत्येकी 5 मिली, कातडीखाली.
लाळ्या खुरकूत: 4 महिन्यांवरील. 2 मिली मांसात. पहिलटकरांना महिन्याने पुन्हा, मग दर 6 महिन्यांनी.
ब्रुसेला: फक्त मादी वासरे, 4 ते 8 महिने. 2 मिली कातडीखाली. एकदाच.

गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतली जनावरे शिबिराच्या दिवशी डॉक्टरांना आधी दाखवावीत. लस टोचल्यावर एक-दोन दिवस थोडे दूध कमी होणे किंवा टोचल्या जागी गाठ येणे नेहमीचे आहे, त्यासाठी लस नाकारू नये.

सचिवांनी फळा पुसण्याआधी ही ओळन् ओळ मूळ नोटिशीशी ताडून पाहावी आणि मूळ कागद फळ्याशेजारीच खिळ्याला अडकवून ठेवावा. शेतकऱ्यांनीही घरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक वासराची जन्मतारीख आजच लिहून ठेवावी, कारण त्याच्या पुढच्या सगळ्या तारखा तिथूनच मोजायच्या आहेत.