एक वेज, एक डॅश, आणि दोन्ही एस

डाएट कोल्ड्रिंकमध्ये किंवा बिनसाखरेच्या गोड गोळीत वापरल्या जाणाऱ्या अॅस्पार्टेमची रचना कागदावर नेहमीच्या झिगझॅग पद्धतीने काढली, की त्यात दोन काइरल कार्बन दिसतात. डावीकडच्या कार्बनवरची पार्श्वसाखळी वर जाते आणि तिच्यापाशी ठसठशीत वेज असते. उजवीकडच्या कार्बनवरची साखळी खाली येते आणि तिच्यापाशी तुटक डॅश असतो. टी.वाय.च्या किंवा एम.एस्सी.च्या वर्गात ही रचना फळ्यावर काढून विन्यास विचारला, तर बरीच मुलं पहिल्याला एस आणि दुसऱ्याला आर म्हणतात. एक वेज आणि एक डॅश म्हणजे दोघांचे विन्यास उलट, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही कार्बन एस आहेत आणि दोन्ही अमिनो आम्लं एल आहेत.

ही चूक निष्काळजीपणातून होत नाही. आपल्या अभ्यासक्रमात त्रिमितीय रसायन एका प्रकरणात आणि पेप्टाइड बंध दुसऱ्याच प्रकरणात, बऱ्याचदा दुसऱ्याच सत्रात येतो, आणि ती तिथूनच निघते. पहिल्या प्रकरणात चार वेगवेगळे गट असलेला एकटा कार्बन असतो. दुसऱ्यात बाण आणि अभिकर्मकं असतात, पण वेज-डॅश बहुधा गाळलेलेच असतात. अल्फा कार्बन मात्र दोन्हीकडे तोच असतो. पेप्टाइड बंध घडताना त्याचं काय होतं, हा प्रश्न या दोन प्रकरणांच्या मध्येच पडून राहतो.

आधी वाचन. अॅस्पार्टेममध्ये अॅस्पार्टिक आम्ल डावीकडे, फिनाइलअॅलनिनचा मिथाइल एस्टर उजवीकडे आणि मोकळा अमिनो गट डाव्या टोकाला असतो. पहिल्या अल्फा कार्बनवर सगळ्यात वरचं प्राधान्य नायट्रोजनला. मग खरी निवड उरते ती अमाइडचा कार्बोनिल कार्बन आणि पार्श्वसाखळीतला CH2 यांच्यात. या CH2 च्या पुढे COOH आहे म्हणून अनेक जण त्यालाच वरचा मान देतात, पण नियम आधी जवळचे अणू बघायला सांगतो. कार्बोनिल कार्बनला ऑक्सिजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन जोडलेले मोजायचे, CH2 ला कार्बन आणि दोन हायड्रोजन. निकाल इथेच लागतो, पुढचं COOH बघायची वेळच येत नाही. म्हणजे क्रम असा: नायट्रोजन, कार्बोनिल, CH2, हायड्रोजन.

आता हा कार्बन चित्रात वरच्या कोपऱ्यावर आहे. नायट्रोजन खाली डावीकडे, कार्बोनिल खाली उजवीकडे आणि पार्श्वसाखळी वर, वेजवर. न दाखवलेला हायड्रोजन त्यामुळे आपोआप मागे गेला, आणि आपण बघतोय ती बाजू बरोबर आहे. डावीकडून खालच्या बाजूने उजवीकडे आणि तिथून वर असं बोट फिरवलं, तर ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणजे एस.

दुसरा अल्फा कार्बन खालच्या कोपऱ्यावर आहे. झिगझॅगमध्ये एका अल्फा कार्बनपासून पुढच्यापर्यंत तीन बंध मोजावे लागतात, म्हणून वरच्या कोपऱ्यानंतर खालचा कोपरा येतोच. इथे नायट्रोजन वर डावीकडे, एस्टरचा कार्बोनिल वर उजवीकडे आणि बेंझाइल खाली, डॅशवर. क्रम तोच: नायट्रोजन, कार्बोनिल, CH2, हायड्रोजन. या वेळी हायड्रोजन आपल्याकडे तोंड करून आहे. बोट घड्याळाच्या दिशेने फिरतं, पण हायड्रोजन पुढे असल्यामुळे उत्तर उलटवायचं. पुन्हा एस.

यातून एक सोपी खूण हाती लागते. साखळी पूर्ण ताणलेली आणि अमिनो टोक डावीकडे असेल, तर एल अमिनो आम्लाची पार्श्वसाखळी वर असताना वेजवर आणि खाली असताना डॅशवर येते. सगळी एल असलेल्या पेप्टाइडमध्ये वेज आणि डॅश आलटून पालटून दिसणार. सलग दोन साखळ्या, एक वर आणि एक खाली, दोन्ही वेजवर दिसल्या तर मात्र थांबायचं, कारण त्यातली एक डी आहे. या खुणेला मर्यादा आहेत. कुणी साखळी उलटी, म्हणजे कार्बोक्सिल टोक डावीकडे ठेवून काढली, तर खूण बरोबर उलटी होते. परीक्षेत अशी उलटी साखळी देणं ही जुनी खोडी आहे. म्हणून चित्र हातात आलं की सगळ्यात आधी नायट्रोजन कुठे आहे ते शोधावं, आर-एसचा विचार नंतर.

दुसरी मर्यादा सिस्टीनची. त्याच्या CH2 ला गंधक जोडलेलं आहे, आणि गंधक ऑक्सिजनला मागे टाकतं. प्राधान्यक्रमात पार्श्वसाखळी आणि कार्बोनिल यांची अदलाबदल होते. आकार अगदी इतर एल अमिनो आम्लांसारखाच, तरी नाव आर. म्हणून एल-सिस्टीनला आर लिहिणारा विद्यार्थी बरोबर असतो, आणि केवळ सवयीने एस लिहिणाऱ्याने रेणू न बघताच उत्तर दिलेलं असतं.

आता बंधाकडे. कार्बोक्सिल आणि अमाइन एकत्र घातले की पाणी निघून अमाइड होतं, असं समीकरण पुस्तकात असतं. फ्लास्कमध्ये मात्र आम्ल आणि अल्कली भेटतात आणि मीठ होतं. कार्बोक्सिलेटचा कार्बन अमाइनला दाद देत नाही आणि अमोनियमकडे हल्ला करायला मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी उरलेली नसते. त्यातून प्रत्येक अमिनो आम्लाला दोन्ही टोकं असल्यामुळे कोण कुणाला जोडलं जाईल यावरही ताबा नसतो. एमिल फिशर आणि फुर्नो यांनी 1901 मध्ये ग्लायसिलग्लायसिन केलं, ते वलयाकार डायकीटोपायपरेझीन फोडून. पुढे 1907 पर्यंत फिशर अठरा घटकांच्या साखळीपर्यंत पोचला, पण अमिनो टोकावर बसवलेलं झाकण पेप्टाइडला धक्का न लावता काढण्याची युक्ती त्याला सापडली नाही. ती 1932 मध्ये त्याचाच जुना सहकारी माक्स बेर्गमान आणि लिओनिडास झर्व्हास यांनी दिली: बेंझाइलऑक्सिकार्बोनिल गट, जो हायड्रोजन आणि पॅलेडियमने निघून जातो. झर्व्हासच्या नावावरून प्रयोगशाळेत त्याला आजही झेड म्हणतात.

अॅस्पार्टेमसाठी हा गट फारच सोयीचा आहे. अॅस्पार्टिक आम्लाच्या नायट्रोजनवर झेड आणि पार्श्वसाखळीतल्या कार्बोक्सिलवर बेंझाइल एस्टर घ्यायचा. पार्श्वसाखळी झाकली नाही, तर बंध तिथेही जुळतो आणि बीटा समघटक मिळतो, जो गोड नाही. दुसरीकडे फिनाइलअॅलनिन मिथाइल एस्टर हायड्रोक्लोराइड मिठाच्या रूपात येतो. त्यात आधी एक सममूल्य अल्कली, उदाहरणार्थ एन-मिथाइलमॉर्फोलीन, घालून अमाइन मोकळं करावं लागतं. हे विसरलं तर अभिक्रिया पुढे सरकत नाही, आणि दोष बिचाऱ्या अभिकर्मकावर येतो.

मग 0 अंश सेल्सियसला डायसायक्लोहेक्झाइलकार्बोडायइमाइड, म्हणजेच डीसीसी. शीहान आणि हेस यांनी 1955 मध्ये ते पेप्टाइडसाठी वापरात आणलं. कार्बोक्सिल डीसीसीवर चढतं आणि ओ-असाइलआयसोयुरिया तयार होतो. आता त्या कार्बोनिलला निघून जाणारा चांगला गट मिळालेला असतो, म्हणून अमाइन हल्ला करतं आणि डीसीसीचा युरिया बाजूला पडतो. फ्लास्कमध्ये पांढरा साका धरतो तो हाच. तो गाळायचा, द्रावण सायट्रिक आम्लाने आणि मग सोडियम बायकार्बोनेटने धुवायचं. शेवटी पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजन. झेड आणि बेंझाइल एकाच वेळी टोल्युइन होऊन निघतात, झेडमधून कार्बन डायऑक्साइडही सुटतो, आणि मिथाइल एस्टर शाबूत राहतो. डीसीसी हाताळताना हातमोजे हवेतच, त्याची त्वचेला अॅलर्जी येते आणि एकदा आली की टिकते.

या सगळ्या अभिक्रियेत अल्फा कार्बनचा एकही बंध तुटत नाही. बंध जुळतो तो शेजारच्या कार्बोनिलवर. म्हणून कागदावर विन्यास जसाच्या तसा उतरवतात आणि तत्त्वतः ते बरोबरही आहे. धोका अल्फा कार्बनवरच्या हायड्रोजनला आहे. कार्बोक्सिल सक्रिय झालं, की त्याच घटकाच्या नायट्रोजनवर बसलेल्या असाइल गटाचा ऑक्सिजन मागून येऊन त्यावर हल्ला करू शकतो. पाच अणूंचं ऑक्झॅझोलोन वलय तयार होतं. या वलयात अल्फा हायड्रोजन बराच आम्लधर्मी होतो, कारण तो गेल्यावर उरलेला ऋण भार वलयभर पसरतो. अल्कलीने तो उचलला की कार्बन सपाट होतो. प्रोटॉन परतताना कोणत्याही बाजूने येतो आणि एलबरोबर डीही हाती लागतं.

नायट्रोजनवर असेटिल किंवा बेंझॉइल असेल तर हे सहज घडतं. झेडसारख्या युरेथेन गटाने ते बऱ्यापैकी आवरतं. झेडचं खरं मोल मला इथे दिसतं, आणि वर्गात ते फक्त ‘अमाइन झाकणारा गट’ म्हणून शिकवलं जातं याची खंत वाटते. मोठ्या पेप्टाइडची साखळी कार्बोक्सिल टोकाकडून सुरू करून एकेक घटक अमिनो टोकाला जोडत का नेतात, याचं उत्तरही यातच आहे. जोडायला येणाऱ्या नव्या घटकावर युरेथेन असतो. तयार साखळीचं कार्बोक्सिल सक्रिय करायचं ठरवलं, तर त्या शेवटच्या घटकाच्या नायट्रोजनवर अमाइड, म्हणजे असाइल गट असतो, आणि ऑक्झॅझोलोनला वाट मोकळी. 1970 मध्ये क्योनिग आणि गायगर यांनी हायड्रॉक्सिबेंझोट्रायझोल घालायला सुचवलं. ते आयसोयुरियाला झटकन पकडून सक्रिय एस्टर बनवतं आणि वलय जुळायला वेळ उरत नाही.

गडबड झाली की नाही हे कळतं कसं? नुसत्या अमिनो आम्लाचं एल आणि डी यांचं मिश्रण साध्या एनएमआरमध्ये एकच रेणू असल्यासारखं दिसतं. डायपेप्टाइडमध्ये मात्र दुसरा काइरल कार्बन साक्षीला असतो. फिनाइलअॅलनिन शुद्ध एल असेल आणि अॅस्पार्टिकचा काही भाग उलटला असेल, तर एल-एल आणि डी-एल असे दोन डायस्टिरिओमर मिळतात, आणि त्यांचे गुणधर्म खरोखर वेगळे असतात. मिथाइल एस्टरची 3.7 पीपीएमच्या आसपासची एकच रेघ दुहेरी होते, साध्या एचपीएलसी स्तंभावरही बहुतेक वेळा दोन शिखरं दिसतात. ऑप्टिकल रोटेशन एवढंच बघून समाधान मानणाऱ्याच्या नजरेतून थोडीशी भेसळ सहज सुटते.

फरक जिभेवरही उमटतो. जेम्स श्लाटर 1965 मध्ये सर्ल कंपनीत गॅस्ट्रिन या संप्रेरकाच्या एका तुकड्यासाठी हा मध्यवर्ती पदार्थ करत होते. बोट चाटल्यावर त्यांना गोडवा लागला. साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड असलेला हा रेणू फक्त एल-एल रूपातच गोड आहे. त्यातलं फिनाइलअॅलनिन डी केलं, तर चव कडू होते. कारखान्यात म्हणूनच दोन वाटा निघाल्या. एकीत अॅस्पार्टिक आम्लाचं अॅनहायड्राइड वापरून अल्फा आणि बीटा यांचं मिश्रण करतात आणि मग वेगळं करतात. दुसरीत थर्मोलायसिन हे विकर जोडणीचं काम करतं. पाण्यात हे विकर खरं तर पेप्टाइड बंध तोडणारं, पण उत्पादन साक्यात जात राहिलं तर समतोल जोडणीकडे सरकतो. त्याला डी आणि एल यांचं मिश्र फिनाइलअॅलनिन एस्टर दिलं, तर ते एल तेवढंच उचलतं, अॅस्पार्टिकच्या पार्श्वसाखळीला हातही लावत नाही, आणि मागे राहिलेला डी एस्टर तयार डायपेप्टाइडशी मीठ बांधून त्याला साक्यात ओढून नेतो.