पत्र्याच्या छपराची पावसाआधीची तपासणी

कोकणातल्या घरांवर कौलांच्या जागी रंगीत पत्रा आला आणि दर उन्हाळ्यातली शाकारणी बंद पडली. पत्रा एकदा घातला की पंधरा-वीस वर्षे वर बघायला नको, असा समज त्यातूनच रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. पत्रा सहसा मधोमध गळत नाही. गळती होते ती जिथे त्याला भोक पाडून स्क्रू मारला आहे, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढले आहेत आणि जिथे पाणी वाहायचे सोडून साचून राहते, अशा ठिकाणी. वर्षातून एकदा ही ठिकाणे क्रमाने पाहायला दोन माणसांना एक दिवस पुरतो. शहरांतल्या इमारतींच्या गच्चीवर गळती थांबवण्यासाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडलाही हीच तपासणी लागू पडते.

एप्रिलची अखेर ते मेचा मध्य हा त्यासाठी योग्य काळ. त्याआधी केले तर मागाहून गळणारा पाला पुन्हा पन्हळीत साचतो, आणि उशीर केला तर वळवाच्या सरींमुळे सीलंटला कोरडा पत्रा मिळत नाही. वर चढायचे ते सकाळी दव वाळल्यावर. दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही. पाय स्क्रूंच्या रांगेवरच टाकायचा, कारण त्या रांगेखाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारा आडवा पाइप असतो. दोन पर्लिनांच्या मध्ये पाय पडला की पत्रा दबतो आणि त्या खळग्यात पुढे पाणी थांबते. उजेडासाठी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊच नये. उन्हाने कडक झालेले हे पत्रे माणसाच्या वजनाने एकदम फुटतात. शिडी वरून बांधलेली हवी, कमरेला पट्टा हवा आणि खाली एक माणूस हवाच.

पहिले काम पन्हळीचे. चाळीस फूट लांब घराचा एका बाजूचा उतार पंधरा फुटांचा असेल, तर त्या उताराचे क्षेत्रफळ सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटर होते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला 60 मिलिमीटरच्या वेगाने सर आली तर या एका उतारावरून मिनिटाला साधारण 55 लिटर पाणी पन्हळीत उतरते. चार इंची पाइप मोकळा असेल तर तो एवढे पाणी सहज घेतो. पण पाइपच्या तोंडाशी आंब्याची चार पाने आडवी बसली आणि त्यावर धूळ साचली, की काही मिनिटांत पन्हळ काठोकाठ भरते.

ते पाणी पुढे कुठे जाते, ते पन्हळीच्या काठांवर ठरते. अंगणाकडचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा थोडा खाली असला तर जादा पाणी अंगणात पडते. उलट असले तर ते पत्र्याच्या टोकाखालून आत शिरते आणि भिंतीवरून ओघळते. असे ओघळ दिसले की पुष्कळ घरांत पत्रा गळतो म्हणून वर सीलंट फासले जाते, आणि दोष मात्र पन्हळीत तसाच राहतो. म्हणून पाला हाताने काढून झाल्यावर पन्हळीच्या उंच टोकाला बादलीभर पाणी ओतून पाहावे. दर दहा फुटांना साधारण अर्धा इंच उतार असला तर पाणी न रेंगाळता पाइपकडे जाते. मध्येच डबके राहिले तर तिथला ब्रॅकेट खाली आलेला असतो; तो वर उचलून बसवावा. पाइपच्या तोंडाला जाळी असली तर पाला आत जात नाही, पण तो जाळीवर साचतो. जाळी बसवल्याने साफसफाई टळत नाही, तिची जागा तेवढी बदलते.

पन्हळीनंतर पत्रा झाडायचा. आढ्याजवळ, भिंतीला लागून आणि पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली पाला आणि माती अडकून राहते. हा थर आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि त्याखालचा रंग आधी फुगतो, मग सुटतो. मऊ झाडू आणि पाणी एवढे पुरे. तारेच्या ब्रशने पत्रा घासला तर गंज रोखणारा लेपच निघून जातो. कुणी वर येऊन पत्रा कापला असेल किंवा भोके पाडली असतील तर लोखंडाचा बारीक कीसही तेव्हाच झाडून टाकावा. तो दोन पावसांत गंजतो आणि चांगल्या पत्र्यावर तांबूस ठिपके सोडतो. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो कोरडा घासू नये आणि त्यावर जोराच्या फवाऱ्याचा मशीनही चालवू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात.

यानंतर येतात स्क्रू. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो. वरच्या घराच्या दोन्ही उतारांवर मिळून स्क्रूंची संख्या पाचशेच्या घरात जाते, आणि प्रत्येक स्क्रू हे छपराला पाडलेले एक भोक असते. त्या भोकातून पाणी आत जाऊ न देणारी वस्तू एकच: स्क्रूच्या डोक्याखालचा काळा रबरी वॉशर. उन्हाने हा रबर हळूहळू कडक होतो, त्याला चिरा जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दुसरीकडे पत्रा रोज आकसतो आणि फुगतो. पहाटे 20 अंशांवर असलेला पोलादी पत्रा मेच्या उन्हात 65 अंशांपर्यंत गेला, तर सहा मीटर लांबीमागे तो जवळपास तीन मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियमचा पत्रा याच्या दुपटीच्या आसपास वाढतो. या रोजच्या ओढाताणीने स्क्रूभोवतीचे भोक लांबट होते आणि स्क्रू सैल पडतो.

स्क्रू नीट आहे की नाही ते वॉशरकडे पाहून कळते. वरच्या धातूच्या चकतीच्या कडेने रबराची बारीक काळी रेघ चारी बाजूंनी सारखी दिसली तर तो ठीक आहे. रबर बोटाने फिरत असेल तर स्क्रू सैल आहे. रबर चकतीबाहेर फुगून आला असेल किंवा पत्र्यात खळगा पडला असेल, तर ड्रिल मशीनने तो जास्त आवळला गेला आहे; असा रबर लवकर फाटतो आणि खळग्यात पाणी थांबते. एका बाजूला रबर दबलेला आणि दुसऱ्या बाजूला फट दिसली तर स्क्रू तिरका गेला आहे. तो कितीही आवळला तरी फट मिटत नाही. काढून सरळच मारावा लागतो.

सैल स्क्रू हाताच्या पान्याने अर्धा फेरा आवळून पाहावा. पकड आली तर काम झाले. नुसताच गरगर फिरला तर खालच्या पाइपमधले आटे गेलेले असतात. अशा ठिकाणी साडेपाच मिलिमीटरचा स्क्रू काढून त्याच भोकात 6.3 मिलिमीटर जाडीचा नवा स्क्रू नव्या वॉशरसकट मारायचा. जुन्याच्या शेजारी नवे भोक पाडणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण त्यामुळे एकाची दोन भोके होतात.

सीलंट लावायचे ते या सगळ्यानंतर, आणि जिथे स्क्रू बदलूनही शंका उरते तिथेच. भोकाभोवतीचा पत्रा फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा आणि जुने सीलंट खरवडून काढावे. धुळीवर लावलेले सीलंट वरून शाबूत दिसते, पण कडेने सुटते आणि त्याखाली शिरलेले पाणी स्क्रूला आतून गंजवते. सीलंट निवडतानाही एक गोष्ट पाहावी. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन पत्र्यावरच्या जस्ताला खाते. पत्र्यासाठी न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे सीलंट मागावे.

तपासणी छपराच्या कडांपासून सुरू करणे चांगले. वारा छपराला वर ओढतो आणि ही ओढ कोपऱ्यांत, पागोळीच्या कडेला आणि आढ्याजवळ सर्वाधिक असते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा असंख्य घरांवरचे पत्रे उडाले. कडेचे चार स्क्रू सुटले की वारा पत्र्याखाली शिरतो, आणि मग मधल्या घट्ट स्क्रूंवर त्यांना न पेलणारा ताण येतो.

सांध्यांचे काम त्या मानाने थोडे आहे. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच चढलेला असावा. उतार कमी असेल तर दोन पत्र्यांमधल्या चिंचोळ्या फटीत पाणी वर ओढले जाते; तिथे दोन्ही पत्र्यांच्या मध्ये ब्यूटाइलची चिकट पट्टी घालावी. सांध्याला बाहेरून सीलंट फासले तर आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते आणि सांधा आतून गंजतो. आढ्यावरच्या कोन्याखालचा फोम खारींनी कुरतडला आहे का, तेही पाहावे. पत्रा भिंतीला भिडतो तिथल्या सिमेंटला हमखास चीर पडलेली असते, कारण पत्रा हलतो आणि सिमेंट हलत नाही. तिथे पुन्हा सिमेंट थापण्यापेक्षा भिंतीत खाच पाडून वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवणे टिकाऊ ठरते.

गंज पाहताना रंग महत्त्वाचा. पांढरट भुकटी असेल तर जस्त झिजू लागले आहे. जागा धुऊन कोरडी ठेवली तरी पुष्कळदा भागते. तांबडा गंज म्हणजे पोलाद उघडे पडले. तेवढीच जागा घासून त्यावर झिंक प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. टोच्याने दाबल्यावर पत्रा आत गेला तर तिथे रंगाचा उपयोग नाही. तो तुकडा बदलावा.

शेवटी पाण्याची चाचणी. दिवसा दारे-खिडक्या लावून खालून पाहिले तर काही भोके उजेडाच्या ठिपक्यांवरून लगेच सापडतात. बाकीची पाण्याने शोधावी लागतात, कारण थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरते ती जागा क्वचितच एक असते. समजा, स्वयंपाकघरात ओट्यावर थेंब पडतो. नळीचे पाणी आधी पागोळीच्या कडेला दहा मिनिटे सोडावे, मग खालून दुसऱ्या पर्लिनच्या रांगेवर, मग तिसऱ्या. आत टॉर्च घेऊन बसलेल्या माणसाला तिसऱ्या रांगेच्या वेळी थेंब दिसला तर दोष त्याच रांगेत आहे. तिथून शिरलेले पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने चार-पाच फूट घसरत ओट्यापर्यंत आले. नळी आधीच आढ्याजवळ धरली तर सगळे छप्पर एकदम भिजते आणि काहीच कळत नाही.

बदललेल्या स्क्रूंच्या जागा छपराच्या साध्या आकृतीवर तारखेसह मांडून ठेवाव्यात. दोन-तीन वर्षे त्याच रांगेत खुणा वाढत गेल्या तर स्क्रूंऐवजी खालचा पर्लिन तपासायला हवा, कारण तो गंजून पातळ झाला असेल तर कोणताही स्क्रू त्यात धरणार नाही.