हजेरीमुळे गुण वाढतात का?

हजेरीपट आणि गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवलं, की बहुतेक वर्गांत एकच चित्र दिसतं: नियमित येणाऱ्यांना गुण जास्त. हा सहसंबंध खरा आहे. डिफॉल्टर लिस्ट लावताना त्याचाच दाखला दिला जातो. पण मूल वर्गात बसलं म्हणून त्याचे गुण वाढले, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही.

समजा, ४० मुलांचा वर्ग आहे. ७५ टक्क्यांहून जास्त हजेरी असलेल्या २० जणांची सरासरी ६८, उरलेल्या २० जणांची ५४. फरक १४ गुणांचा. आता याच मुलांचा गेल्या वर्षीचा निकाल काढू. नियमित येणाऱ्यांपैकी १५ जण आधीपासूनच अभ्यासात पुढे होते. त्यांची सरासरी ७४. मागे असलेल्या ५ जणांची ५०. दांड्या मारणाऱ्यांत नेमकं उलट: पुढे असलेले ५ जण, सरासरी ७२, मागे असलेले १५, सरासरी ४८. म्हणजे सारख्या तयारीच्या मुलांची आपसांत तुलना केली, तर फरक उरतो अवघा २ गुणांचा. बाकीचा फरक मुलं वर्षाच्या सुरुवातीलाच सोबत घेऊन आली होती.

या २ गुणांचंही श्रेय लगेच हजेरीला देता येत नाही. रात्रपाळी करणारा मुलगा सकाळच्या तासाला येत नाही आणि घरी त्याचा अभ्यासही होत नाही. दोन्हींच्या मुळाशी नोकरी आहे. कधी चाचणीत नापास झालेली मुलगी खचते आणि त्यानंतर तास बुडवू लागते. इथे गुण आधी घसरले, हजेरी नंतर. वर्षाच्या एकूण हजेरीत हा क्रम लपतो. महिनावार हजेरी चाचणीच्या तारखेशी ताडून पाहिली, तरच तो दिसतो.

मग कारण शोधायचं कसं? कार्लोस डॉबकिन, रिकार्ड गिल आणि जस्टिन मॅरियन या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतला अभ्यास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. अर्थशास्त्राच्या मोठ्या वर्गांत, सहामाहीत मध्यकाखाली गुण मिळालेल्यांना पुढचे तास सक्तीचे केले गेले. मध्यकाच्या एक-दोन गुण वर आणि एक-दोन गुण खाली असलेली मुलं जवळपास सारखीच; पण सक्ती फक्त खालच्यांवर. त्यांची हजेरी वाढली आणि अंतिम परीक्षेत त्यांना वरच्यांपेक्षा चांगले गुण मिळाले. तिथे हजेरीचा परिणाम खरोखर दिसला, कारण वर्गात कोण बसणार हे मुलांच्या मर्जीवर नव्हतं.

अर्थात हा निष्कर्ष त्या सीमारेषेजवळच्या मुलांपुरता आहे. सर्वांत हुशार मुलाला किंवा पार मागे पडलेल्याला सक्तीचा किती उपयोग होईल, ते या तुलनेतून कळत नाही.